बफेतला रस्सा बर्नरवर असूनही ४९ अंशांवर कसा आला? (लॉनवरचं जेवण, नागपूर)

ओंकार_मानेवाडा
रिंग रोडवरच्या एका लॉनवर डिसेंबरात रिसेप्शन होतं, ३०० पानांचं. माझं केटरिंगचं काम नवीन आहे. यजमानांकडच्या एका पाहुण्यांनी खिशातून डिजिटल थर्मामीटर काढून चिकन रश्श्यात खुपसला आणि आकडा दाखवला. त्यानंतर मीच दर थोड्या वेळाने मोजत राहिलो. आकडे असे:

रात्री ८.०० : ६८
९.०० : ५६
९.४५ : ४९ (मधोमध. कडेला तेव्हा ६० होतं)
१०.०५ : ६३ (भट्टीवरून नवीन रस्सा आणून त्याच पॅनमध्ये ओतल्यावर)

जेवणं ११.१५ पर्यंत चालली. नेहमीची आयताकृती चेफिंग डिश, खाली पाण्याचा पॅन, वर रश्श्याचा पॅन, त्यात सुरुवातीला ९ किलो रस्सा. खाली जेलचे दोन डबे, दोन्ही पेटलेले होते. विझले नव्हते, मी वाकून पाहिलं होतं.

माझे प्रश्न दोन. खालून जाळ असताना रस्सा थंड का झाला? आणि किती अंशांवर ठेवायला हवा? कोणी ५७ सांगतं, कोणी ६०, कोणी ७०. कोणाला काही त्रास झाल्याचं कानावर आलेलं नाही, तरी डोक्यात बसलं आहे.

भट्टीवरचा
भाऊ, एवढं काय घेऊन बसले. रस्सा भट्टीवर खदखदून उकळला होता ना? मग झालं. उकळल्यावर जंतू सारे मरतात. नंतर जेवणाऱ्याच्या तोंडाला गरम लागला पाहिजे एवढंच पाहाचं. थर्मामीटर घेऊन फिरणारे पाहुणे आजकाल बहुत झाले.

प्रोबवाली
भट्टीवरचा भाऊ, अर्धं बरोबर आहे. उकळल्यावर वाढणारे जंतू मरतात. पण काही जंतूंची बीजं उकळीतूनही शाबूत राहतात, आणि मोठ्या गंजात शिजवलेल्या मटण-चिकनच्या रश्श्यात नेमका असाच एक जंतू असतो, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. उकळी त्याला उलट मोकळं रान करून देते. स्पर्धेतले बाकीचे जंतू मेलेले, रश्श्यातली हवा उकळून निघून गेलेली, आणि याला हवा नकोच असते. रस्सा उतरत उतरत पन्नाशीच्या खाली आला की बीज जागं होतं. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास तर दर दहा-बारा मिनिटांनी संख्या दुप्पट होऊ शकते.

याने होणाऱ्या त्रासाची ओळख अशी: जेवणानंतर ६ ते २४ तासांत पोटात मुरडा आणि जुलाब, उलटी बहुधा नाही, आणि दिवसभरात माणूस बरा. म्हणून कोणी केटररला फोन करत नाही. "काल जरा जड झालं" म्हणून सोडून देतात. ओंकार, तुमच्या कानावर काही आलं नाही याचा अर्थ काही झालं नाही असा धरू नका.

आता आकडा. जागतिक आरोग्य संघटना ६० अंशांच्या वर सांगते. अमेरिकेतल्या फूड कोडात ५७ आहे, ब्रिटनमध्ये ६३. आपल्याकडे एफएसएसएआयची केटरिंगची तपासणी यादी आहे, तिच्यात गरम शाकाहारी पदार्थ ६५ वर आणि मांसाहारी ७० वर ठेवा असं आहे. तुमचं लायसन इथलं आहे, तपासायला येणारा माणूस इथली यादी घेऊन येणार. त्यामुळे चिकन रश्श्याला तुमचा आकडा ७०. ६० ही तळाची रेघ समजा. तिच्याखाली गेलं की घड्याळ सुरू.

भट्टीवरचा
बीजाचं माहीत नव्हतं ताई. पण मग ६० वर मरते काय ते?

प्रोबवाली
नाही, बीज ६० वर मरत नाही. ६० वर फक्त ते वाढू शकत नाही. खरं पाहिलं तर ५०-५२ च्या वर त्याची वाढ जवळपास थांबतेच. मग नियम ६० चा का? तर ओंकारच्या पॅनकडे पाहा. कडेला ६० आणि मधोमध ४९, एकाच वेळी, एकाच पॅनमध्ये. तुम्ही प्रोब कुठे खुपसला यावर अकरा अंशांचा फरक पडला. नियमातले वरचे आठ-दहा अंश या फरकासाठी आहेत.

रेवा_धंतोली
हाच विषय निघाला म्हणून विचारते. आमच्याकडे गच्चीवर ३५ माणसांचं आहे, सासूबाईंची पंच्याहत्तरी. पदार्थ सगळे शाकाहारी. मी दोन मोठे कॅसरोल आणि राइस कुकरचं वॉर्म बटण वापरणार आहे. कॅसरोल किती तास ६५ ठेवतो?

उष्मा_आणि_गती
रेवाताई, कॅसरोलचा प्रश्न वेगळा आहे. त्यात खालून उष्णता येतच नाही, आहे ती अडवून ठेवली जाते. त्यामुळे किती तास हे कॅसरोल किती भरला आणि किती वेळा उघडला यावर. आधी उकळत्या पाण्याने दहा मिनिटं भरून ठेवा, पाणी ओतून द्या, मग काठोकाठ भाजी भरा. अर्धा भरलेला कॅसरोल फार लवकर उतरतो. नेमका आकडा तुमच्या कॅसरोलवर प्रोब लावूनच कळेल.

ओंकार, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. खाली पाण्याच्या पॅनमध्ये पाणी कोणतं ओतलं होतं? किती? आणि केव्हा?

ओंकार_मानेवाडा
लॉनच्या नळाचं. साधारण चार लिटर. ७.३० ला ओतलं, लगेच डबे पेटवले आणि पावणेआठला वर रश्श्याचा पॅन ठेवला. पाहुणे ८ पासून.

उष्मा_आणि_गती
इथेच सापडलं. डिसेंबरातलं नळाचं पाणी २० अंश धरू. चार लिटर पाणी २० वरून ८५ वर न्यायला जवळपास ११०० किलोज्यूल उष्णता लागते. २०० ग्रॅमचा जेलचा डबा दोनेक तास जळतो. त्याची अर्ध्याहून जास्त उष्णता इकडेतिकडे जाते, पॅनला प्रत्यक्षात पोचते ती डब्यामागे २०० वॅटच्या आसपास. दोन डबे म्हणजे ४०० वॅट. हिशोब केला तर नुसतं पाणी तापायला ४५ मिनिटं लागतात, तेही वारा नसताना. म्हणजे ८.१५ पर्यंत तुमचे बर्नर रश्श्यासाठी काहीच करत नव्हते. उलट वरचा ७० अंशांचा रस्सा खालच्या कोमट पाण्याला तापवत होता.

आकडे डब्यागणिक थोडे इकडेतिकडे होतील, निष्कर्ष बदलणार नाही. चेफिंग डिश ही चूल नाही. ४०० वॅट म्हणजे घरातल्या इंडक्शन शेगडीच्या सर्वांत मंद आचेसारखं. त्यावर ९ किलो रस्सा चढवायचा नसतो, चढवून आणलेला टिकवायचा असतो.

इतवारीकर
भाड्याने डिश देण्याचं काम आहे, त्यामुळे भांड्यांबद्दल बोलतो. उकळतं पाणीच घालायचं, नळाचं कधीच नाही. आचाऱ्याला सांगून एका गंजात पाणी ठेवायचं, चहाच्या काउंटरवर तसाही बंब असतो. पाणी इतकं की वरच्या पॅनचा तळ पाण्याला जेमतेम टेकेल. आपल्या नेहमीच्या फुल साइज डिशमध्ये तीन ते चार लिटर लागतं. तळ आणि पाणी यात दोन बोटं हवा राहिली तर वाफेवर चालतं, पण उशिरा. पाणी गच्च भरलं तर वरचा पॅन तरंगतो आणि एका बाजूला कलतो, वाढणाऱ्याने डाव घातला की पाणी रश्श्यात येतं.

दुसरं, रिकामा स्टीलचा पॅन थंडीत बर्फासारखा असतो. रस्सा ओतायच्या आधी तो झाकण लावून उकळत्या पाण्यावर दहा मिनिटं राहू द्यायचा.

आणि जेलचे डबे. डब्याचं झाकण पूर्ण काढलं होतं का? बरेच वाढपी डबा जास्त वेळ पुरावा म्हणून झाकण अर्धं सरकवून ठेवतात. डबा पुरतो, पण आच अर्धी होते.

ओंकार_मानेवाडा
इतवारीकर दादा, झाकण अर्धंच होतं. मला वाटलं तीच पद्धत आहे.

इतवारीकर
पद्धत आहे, पण मंडपात, चटणी-लोणच्याशेजारच्या छोट्या डिशला. लॉनवर डिसेंबरात नाही. लॉनवर वारा कुठून येतो ते आधी पाहायचं. ज्योत आडवी झाली की ती पॅनच्या तळाला न लागता स्टँडच्या पायाला लागते. पाय तापतो, रस्सा नाही. डिशच्या वाऱ्याकडच्या बाजूला पत्रा किंवा स्टीलची पट्टी उभी करा, पण चारही बाजूंनी बंद करू नका. ज्योतीला हवा मिळाली नाही तर ती पिवळी होऊन काजळी धरते, मग विझते. टेबलाची झालर वर घेऊन डिशखाली खोचणारे डेकोरेटरवाले असतात, त्यांना हात जोडून थांबवा.

एक सांगून ठेवतो, विषय निघालाच आहे तर. मिथेनॉलच्या जेलची ज्योत उजेडात दिसत नाही. डबा विझला समजून त्यात वरून जेल ओतणारा पोरगा भाजतो. विझवायचं तर झाकण ठेवून, फुंकून नाही, आणि पेटलेला किंवा गरम डबा भरायचा नाही, नवीन ठेवायचा.

उष्मा_आणि_गती
आता झाकणाचं बोलू. ओंकार, ८ ते ९ मध्ये डिशचं झाकण किती वेळ उघडं होतं?

ओंकार_मानेवाडा
पूर्ण वेळ. रांग होती. झाकण काढून टेबलाखाली ठेवलं होतं.

उष्मा_आणि_गती
मग उरलेलं उत्तर तेच. गरम रश्श्याच्या उघड्या पृष्ठभागावरून वाफ उडते आणि वाफेबरोबर उष्णता जाते. इतक्या मोठ्या पॅनमध्ये ६५ अंशांचा रस्सा उघडा ठेवला, तर निवांत हवेतसुद्धा वरून जाणारी उष्णता खालून येणाऱ्या ४०० वॅटच्या तोडीची होते. त्यात वारा असला तर तोटाच. तुमच्या आकड्यांवरून ९ किलो रस्सा तासात १२ अंश उतरला, म्हणजे जमेपेक्षा खर्च सतत शंभर-सव्वाशे वॅटने जास्त होता. झाकण लागलं असतं तर हा खर्च भरून निघून वर काही शिल्लक राहिलं असतं.

आणि मधोमध ४९ आणि कडेला ६० का? डबे दोन, दोन टोकांना. मधल्या भागाखाली पाणी तेवढं तापत नाही, वर तुकडे गच्च बसलेले, रस्सा आपोआप फिरत नाही. डाव तळापासून फिरवून, कडेचं मध्ये आणि मधलं कडेला, दर १५ ते २० मिनिटांनी करायला हवं.

भट्टीवरचा
एक गोष्ट मी सांगतो जी तुमच्या पुस्तकात नसन. सावजी रश्श्यावर तर्री असते. बोटभर तेलाचा थर वर असला की वाफच निघत नाही. तर्रीवाला रस्सा उघडा ठेवला तरी लवकर थंडा होत नाही. साधा पांढरा रस्सा पहिले थंडा होते. हे मी रोज पाहून राहिलो.

उष्मा_आणि_गती
एकदम खरं. तेलाच्या थराने वाफ अडते आणि उघड्या रश्श्याचा मुख्य खर्च तोच असतो. फक्त वाढपी पहिल्या अर्ध्या तासात तर्री वरून काढून ताटात वाढून टाकतो. मागणीच तिची असते. त्यानंतर खालचा रस्सा उघडाच.

प्रोबवाली
तर्रीवरून आणखी एक. लांबून लाल ठिपका मारणारं इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर ते फक्त वरच्या थराचं तापमान दाखवतं, म्हणजे तर्रीचं. खाली काय आहे ते त्याला दिसत नाही. स्टीलच्या चकचकीत पॅनवर मारलं तर आकडा खराहून कमी येतो, वाफेतून मारलं तरी गोंधळ. सुई असलेला प्रोबच हवा. सुईचं टोक मधोमध, अर्ध्या खोलीवर, तळाला न टेकवता, आकडा स्थिर होईपर्यंत धरायचं. मग दुसरं माप कोपऱ्याशी. दोन्हीतला कमी तो खरा धरायचा. प्रत्येक पदार्थानंतर सुई पुसून स्पिरिटचा बोळा फिरवायचा, नाहीतर चिकनची सुई पनीरमध्ये जाते आणि वेगळाच धागा काढावा लागतो.

प्रोब खरं बोलतो का ते महिन्यातून एकदा पाहा. पेला बर्फाने गच्च भरून त्यात थोडं पाणी, ढवळून सुई धरली की ० यायला हवं. उकळत्या पाण्यात नागपुरात ९९ च्या आसपास येईल, १०० नाही. आपण समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहोत. ९९ पाहून प्रोब बिघडला म्हणून परत करणारे भेटले आहेत.

ओंकार_मानेवाडा
१०.०५ च्या ६३ बद्दल कोणी बोललं नाही. नवीन रस्सा ओतल्यावर तर ६० च्या वर गेलाच. मग ते ठीक झालं ना?

प्रोबवाली
मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तुमचे आकडे मांडते. ८ ला ६८, ९ ला ५६, म्हणजे साधारण ८.४० ला रस्सा ६० च्या खाली गेला. ९.४५ ला ४९. तेव्हा पॅनमध्ये समजा ५ किलो उरला होता, त्यावर तुम्ही भट्टीवरचा ८० अंशांचा ४ किलो ओतला. पाच भाग ४९ चे, चार भाग ८० चे, गोळाबेरीज ६३ च्या आसपास येते. तुमचा आकडा तोच आहे, म्हणजे मापात चूक नाही.

पण हे तापवणं नव्हे, सरासरी काढणं आहे. परत तापवायचं तर पदार्थ मधोमध ७५ वर नेऊन किमान २ मिनिटं ठेवायचा, असं त्याच तपासणी यादीत आहे. आणि गरम पाणी ओतून किंवा बेन मारीवर, म्हणजे खाली गरम पाणी असलेल्या भांड्यावर ठेवून तापवू नका, असंही. ६३ वर थोडे जंतू मरत असतीलही, पण तुमची डिश ६३ वरून पुन्हा उतरणारच होती, कारण खाली तेच डबे आणि वर तेच उघडं झाकण. त्यात झालं असं की ताजा ४ किलो रस्सा जुन्याच्या घड्याळाला बांधला गेला.

ब्रिटनचा नियम घेतला तर रेघेखाली गेलेला पदार्थ एकदाच, जास्तीत जास्त दोन तास वाढता येतो, नंतर फेकायचा. त्यांची रेघ ६३ ची, आपण सैल हाताने ६० चीच धरू. तरी ८.४० वरून १०.४० ला मुदत संपली. शेवटची पस्तीस मिनिटं मुदतीबाहेरची. अमेरिकेच्या फूड कोडातली सवलत चार तासांची आहे, तिच्यात तुम्ही बसता. तीही कधी खाली गेलं ते लिहून ठेवणाऱ्यालाच मिळते.

त्या रात्री बरोबर काय करता आलं असतं? ९ ला ५६ दिसलं तेव्हा पॅन उचलून भट्टीकडे. मोठ्या पातेल्यात रिकामा करून खळखळ उकळी, प्रोबवर ७५ च्या वर, दोन मिनिटं. तोवर पाण्याच्या पॅनमध्ये उकळतं पाणी. मग धुतलेल्या, तापवलेल्या पॅनमधून परत. वीस मिनिटांचं काम आहे. काउंटर रिकामा दिसू नये म्हणून दुसरा पॅन तयार असावा लागतो.

भट्टीवरचा
वीस मिनिटं काउंटर खाली ठेवला तर यजमान माझ्या डोक्यावर येते. त्यापेक्षा ९ किलो एकदम काढाचाच नाही ना जी. गंज भट्टीवर मंद आचेवर राहू द्या, काउंटरवर चार-चार किलोचा लॉट. संपत आला की पॅनच बदला.

प्रोबवाली
हेच म्हणायचं होतं, तुम्ही कमी शब्दांत सांगितलं. पॅन बदलायचा, वरून ओतायचं नाही. चार-पाच किलोचा लॉट गर्दीच्या वेळी अर्ध्या-पाऊण तासात उठतो, त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. फार कमीही नको. तळाला दोन बोटं रस्सा उरला की कडा करपायला लागतात आणि तुकडे कोरडे पडतात. जुन्या पॅनमध्ये उरलेलं नव्यात मिसळू नका. ते भट्टीवर वेगळ्या पातेल्यात, ७५ ला. आणि भट्टीवरचा गंज म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. मंद आचेवर तळ उकळतो, वर ५५ असू शकतं. झाकण ठेवा, ढवळा, तिथेही प्रोब घाला.

रेवा_धंतोली
आमच्याकडे पनीर आहे. केटररदादा म्हणाले ६५ वर दोन तास ठेवलं तर पनीर रबरासारखं होतं, म्हणून ते कोमटच ठेवतात. हे खरं का? आणि आम्ही शाकाहारी, मग तो रश्श्यातला जंतू आमच्याकडे नसेल ना?

प्रोबवाली
रेवाताई, तो कमी असेल, पण भातात त्याचा भाऊबंद आहे, बॅसिलस सिरिअस. त्याचंही बीज शिजण्यातून वाचतं. भात कोमट राहिला तर तो विष तयार करतो, आणि ते विष एकदा तयार झालं की भात परत कितीही तापवा, जात नाही. त्यामुळे "दुसऱ्या दिवशी नीट गरम करून खाऊ" हे कोमट राहिलेल्या भाताला लागू नाही. वॉर्म बटणावर प्रोब लावून पाहा, ६५ दाखवत असेल तर तुमचा भात सर्वांत निर्धास्त.

पनीरचं खरं आहे, फार वेळ गरम राहिलं की घट्ट होतं. त्यावर उपाय कोमट ठेवणं हा नाही. ग्रेव्ही वेगळी गरम ठेवून पनीर लॉटगणिक घाला.

भट्टीवरचा
ताई, ३०० पानांत पनीर लॉटगणिक कोण घालते? ३५ माणसांत ठीक आहे. ६५ वर पनीर खराब होतेच, ग्राहक नाव ठेवते. ६० वर ठेवलं तर चालते, असं माझं मत.

उष्मा_आणि_गती
६० वर नेमकं ठेवायला तुमच्याकडे बटण कुठे आहे भाऊ? जेलच्या डब्यावर पाच अंशांचा ताबा कोणाचाच नसतो. ६० चं लक्ष्य ठेवलं तर मध्ये ५४ सापडणार. विजेची बेन मारी असेल तर वेगळी गोष्ट, तिला थर्मोस्टॅट असतो. लॉनवर मात्र तिला जनरेटरचा भार मोजून द्यावा लागतो. सगळं एकाच फेजवर टाकलं की डीजेसकट काउंटर अंधारात.

भट्टीवरचा
डीजे बंद झाला तर बरंच. पण पनीरचं माझं मत तेच.

इतवारीकर
पाण्याचं एक राहिलं. तासाभराने पाण्याच्या पॅनमध्ये पाहायचं. कमी झालं असेल तर केटलीतून उकळतंच पाणी, कोपऱ्यातून. एक लिटर गार पाणी घातलं की पुढची दहा-बारा मिनिटं गेली. पाणी पूर्ण आटलं तर आधी तडतड आवाज येतो, मग करपल्याचा वास, आणि पॅनचा तळ काळा-निळा होतो. तो डाग जात नाही, भाड्यातून कापावा लागतो. डिश बरोबर चालली आहे याची खूण म्हणजे दोन पॅनमधल्या फटीतून सारखी बारीक वाफ दिसते. वाफ नाही तर खाली वाका आणि डबे पाहा. डबे दीड तासाने बदलायच्या तयारीत ठेवा. शेवटच्या अर्ध्या तासात ज्योत बुटकी होते, ती पॅनपर्यंत पोचत नाही.

ओंकार_मानेवाडा
सगळ्यांचं ऐकून काल दुसऱ्या एका लॉनवर करून पाहिलं. २५० पानं, तसाच वारा. उकळतं पाणी, तापवलेला पॅन, डब्यांची झाकणं पूर्ण काढलेली, वाऱ्याकडे पत्रा. साडेचार किलोचे लॉट. झाकण उघडून परत लावायला एक मुलगा फक्त त्या डिशजवळ उभा. गंजातून काढताना रस्सा ८८.

८.१५ : ७९
८.४५ : ७४ (पॅन बदलला)
९.३० : ७३
१०.१५ : ७१
१०.४५ : ७०

मधोमध आणि कोपऱ्यात तीन अंशांहून जास्त फरक आला नाही. वांग्याची भाजी आणि डाळभाजीही ६८ च्या वर राहिल्या. अडकलं ते पुलावात. १० वाजता ५७. डिश तशीच, पाणी तसंच, झाकणाला मुलगा तसाच. ढवळला तर दाणा मोडतो म्हणून ढवळला नाही.

उष्मा_आणि_गती
पुलावात दाण्यांमध्ये हवा असते, उष्णता खालून वर चढतच नाही. तळाला ७५ आणि मध्ये ५७ असंच होणार. थर कमी ठेवा, चार बोटांच्या वर नको, आणि पॅन लवकर बदला.

इतवारीकर
किंवा उथळ पॅन घ्या. आपल्याकडे अडीच इंची आणि चार इंची दोन्ही येतात. चार इंची पॅन पुलावाला देऊच नये, पण भरलेला छान दिसतो म्हणून सगळे तोच मागतात.

भट्टीवरचा
पुलाव हंडीतच ठेवा, तोंड कणकेनं बंद, आणि लागन तेवढाच काढा. चेफिंगमध्ये भात ठेवणंच मला पटत नाही.

प्रोबवाली
हंडी बंद असेपर्यंत ठीक. उघडल्यानंतरचा अर्धा पुलाव किती वेळ टिकतो ते मोजलेलं कोणाकडे आहे का? ओंकार, पुढच्या वेळी हंडीत प्रोब घालून आकडे टाका. आणि कालचा ५७ वाला उरलेला पुलाव कुठे गेला?

ओंकार_मानेवाडा
यजमानांनी डबे भरून नेला. मी नको म्हणालो होतो.